धागा: बेपत्ता चाचा जिवंत धरायचे, मग वारसा का नाही? इस्तिसहाबबद्दल प्रश्न

सदरबाजारकर
सगळ्यांना नमस्कार. प्रश्न घरचा आहे, पण मला त्यामागचं तत्त्व समजून घ्यायचंय, म्हणून इथे मांडते.

आमचे धाकटे चाचा २०१३ साली कामासाठी कोल्हापूर सोडून गेले. आधी मुंबई, मग वापी. २०१४ च्या रमजानमध्ये त्यांचा शेवटचा फोन आला, नंतर नंबर बंद. पोलिसांत हरवल्याची तक्रार आहे. २०१९ मध्ये महापूर ओसरल्यानंतर दोनेक महिन्यांनी आजोबा वारले. मागे दादी, माझे अब्बा, फुफी आणि हे बेपत्ता चाचा. चाची आणि त्यांची दोन मुलं आमच्यासोबतच राहतात. आजोबांचं जुनं घर आता विकलं, एक कोटी वीस लाख आले आणि वाटणीचा विषय निघाला.

जमातीतल्या मोठ्यांनी एका मौलानांना बोलावलं होतं. ते म्हणाले, इस्तिसहाबनं, म्हणजे आधी जे पक्कं होतं ते उलटं कळेपर्यंत तसंच मानायचं या नियमानं, चाचा जिवंतच धरायचे. कळंब्याला त्यांच्या नावावर छोटा प्लॉट आहे, तो कुणी वाटून घ्यायचा नाही. इथपर्यंत सगळ्यांना पटलं. पुढे म्हणाले, आजोबांच्या मिळकतीतला चाचांचा हिस्सा मात्र त्यांना द्यायचा नाही, बाजूला राखून ठेवायचा. आणि उद्या काझीनं किंवा कोर्टानं चाचांना मृत ठरवलं, तर तो राखलेला हिस्सा अब्बा आणि फुफीकडे परत येईल, चाचांच्या मुलांकडे जाणार नाही.

जिवंत धरायचे तर सगळीकडे जिवंत धरा ना. प्लॉटसाठी जिवंत आणि बापाच्या वाटणीसाठी नाही, हे कसं? फायदा आमच्याच घराला होतोय, म्हणून तर मला जास्त टोचतंय. माझी चुलत भावंडं माझ्यासमोर वाढली आहेत.

राजारामपुरी_७वी_गल्ली
लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून सांगतो. यात इस्तिसहाब वगैरे आणायची गरजच नाही. एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम १०८, म्हणजे नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १११. सात वर्षं माणसाची खबर नसेल तर तो मेला असं धरतात. २०१४ अधिक सात, २०२१. म्हणजे चाचा २०२१ मध्ये वारले. आजोबा २०१९ मध्ये. बापाच्या मृत्यूवेळी मुलगा जिवंत होता, हिस्सा मिळाला, तो मुलांकडे गेला. प्रश्न मिटला.

करवीरचा_शेतकरी
ताई, ह्ये इस्तिसहाब म्हंजे जुनी वहिवाट हाय तशी चालू ठेवायची, आसंच न्हवं? आमच्या उसाच्या रानात जायचा रस्ता शेजारच्या बांधावरनं हाय. आज्ज्यापास्नं बैलगाडी जातीया. आता त्येनं तार ओढली आन म्हंतोय पुरावा दाखव. मग ह्या नियमानं माझा रस्ता ऱ्हातोय का?

मिरजेचे_मास्तर
सदरबाजारकर बेटा, तुझा प्रश्न खरोखर अवघड जागेवरचा आहे. या मुद्द्यावर फिकहचे, म्हणजे इस्लामी कायद्याचे, जाणकार हजार वर्षं वाद घालत आलेत. मी अरबी-उर्दू शिकवण्यात आयुष्य काढलं आणि आता मिरजेत बसलोय, तेव्हा सावकाश सांगतो.

रोजच्या गोष्टींपासून सुरुवात करू. सकाळी वुजू केला, नमाजासाठी हातपाय-तोंड धुतलं, हे तुला पक्कं आठवतं. दुपारी शंका येते, मध्ये तो तुटला तर नाही? उत्तर असं, की वुजू आहे. हदीसमध्ये हाच प्रसंग आहे. नमाजात एका माणसाला पोटात काहीतरी झाल्यासारखं वाटायचं. त्याला सांगितलं गेलं, आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नकोस. आता उलटं घे. वुजू तुटला हे पक्कं, नंतर पुन्हा केला की नाही याची शंका. मग वुजू नाही, करायला हवा. शंका दोन्हीकडे सारखीच आहे. निकाल बदलतो, कारण शंकेच्या आधी पक्कं काय होतं ते बदललं.

रमजानमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. दहाबारा वर्षांपूर्वी रमजान पावसाळ्यात यायचा. आपल्याकडचे जून-जुलैचे ढग, सूर्य दिसायची सोय नाही. पहाटे जाग आली, सहर झाली की अजून रात्र आहे ते कळत नाही, तेवढ्यात दोन घास खाल्ले. पुढे काही कळलंच नाही तर रोजा शाबूत, कारण रात्र पक्की होती आणि पहाट झाल्याची फक्त शंका. नंतर पहाट झाली होती असं ठरलं, तर मात्र तो रोजा भरून द्यावा लागतो. संध्याकाळी तेच ढग, सूर्य मावळला की नाही कळत नाही, आणि खजूर तोंडात टाकला. इथे रोजा गेला, भरून द्यायचा. दिवस पक्का होता आणि मावळल्याची शंका होती. ढग तेच, माणूस तोच, अंदाजही तेवढाच कच्चा.

शेतकरीदादा, तुमच्या प्रश्नालाही जागा आहे, पण ती शेजारची आहे. तुमच्या रस्त्याबद्दल काय शंका आहे? तो पूर्वी होता आणि आता बंद झाला की काय, अशी नाही. तो हक्काचा होता की शेजाऱ्याच्या मेहेरबानीचा, असा वाद आहे. 'जुनं ते तसंच राहू द्यावं' असा वेगळा नियम तुर्कांच्या मजल्ल्यात आहे. १८६९ ते १८७६ मध्ये ऑटोमन सरकारनं हनफी या सुन्नी पंथाच्या फिकहवरून जो दिवाणी कायदा लिहून काढला, त्यात. इस्तिसहाबचं कलम त्याच्या अगदी जवळ आहे, पण दोन वेगळी आहेत.

करवीरचा_शेतकरी
बरं मास्तर. रस्त्याचा अर्ज मी तहसीलदाराकडं टाकलाय, बगू. पर ताईच्या चुलत्याचं काय ते सांगा, वाचतोय.

गुजरीतला
मी मुसलमान नाही, पण मास्तरांचं वाचून माझंच प्रकरण आठवलं. दुकानातल्या कारागिराला मी पन्नास हजार उसने दिले, चिठ्ठीवर सही आहे. आता तो म्हणतो, दोन हप्त्यांत फेडले. मला तरी आठवत नाही. चिठ्ठी माझ्याकडेच. मधली माणसं म्हणतात, दोघांचं अर्धं अर्धं धरा. तुमच्या नियमात काय होईल?

मिरजेचे_मास्तर
अर्धं अर्धं होणार नाही. कर्ज पक्कं आहे, फेड शंकेची. फेडलं असं म्हणणाऱ्यानं पुरावा द्यावा. नाही दिला, तर तुम्ही शपथेवर 'मिळाले नाहीत' म्हणायचं आणि कर्ज उभं राहतं. पण चिठ्ठीच नसती आणि तो 'घेतलेच नव्हते' म्हणाला असता, तर गाडी उलट्या दिशेनं जाते. माणूस जन्मतः कुणाचं देणं घेऊन येत नाही. मूळ स्थिती म्हणजे देणं नसणं. मग पुरावा तुम्ही द्यायचा, शपथ त्यानं घ्यायची. म्हणून आधी हे ठरवावं लागतं, की कुठली स्थिती पक्की होती. भांडणं बहुतेक तिथंच असतात.

आणि तुम्ही 'मला तरी आठवत नाही' म्हणताय. शपथ घ्यायच्या आधी वही नीट पाहा. शपथ ही हुशारीनं जिंकायची गोष्ट नाही.

गुजरीतला
पटलं. वह्या काढतो.

वकीलताई_को
राजारामपुरीच्या विद्यार्थ्यासाठी. सात वर्षांच्या कलमाचा असा अर्थ कोर्ट लावत नाही. खबर नसल्याची सात वर्षं पुरी झाली की माणूस मेला आहे एवढंच गृहीत धरता येतं. कधी मेला, ते नाही. सातव्या वर्षी मेला असं तर नाहीच. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या निकालात हेच सांगितलं. बेपत्ता माणसाची पॉलिसी हप्ते न भरल्यानं बंद पडली होती आणि घरच्यांचं म्हणणं होतं की तो बेपत्ता झाला त्याच दिवशी मेला असं धरा. कोर्टानं नाही म्हटलं. मृत्यू अमुक दिवशी झाला असं ज्याला म्हणायचंय, त्यानं ते सिद्ध करायचं.

म्हणजे २०२१ हे वर्ष तुम्ही आणलंत, कायद्यानं नाही. या प्रकरणाचा जीव मृत्यूच्या तारखेतच अडकलाय. मुस्लिम वारसाहक्कात बापाच्या आधी मुलगा वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर वारलेल्या मुलाच्या पोरांना आजोबांकडून वारसा मिळत नाही. चाचा आजोबांच्या आधी गेले असतील तर त्यांच्या पोरांना काही नाही. एक दिवस जरी नंतर गेले असतील, तर पूर्ण हिस्सा.

राजारामपुरी_७वी_गल्ली
मग कलम ११०? तीस वर्षांच्या आत जिवंत असलेला माणूस जिवंतच धरतात. २०१९ मध्ये सात वर्षं पुरी झालीच नव्हती, पाचच झाली होती. त्या दिवशी विचारलं असतं तर कोर्ट जिवंत म्हणालं असतं. मग त्या दिवसासाठी जिवंत का धरायचं नाही?

वकीलताई_को
हा मुद्दा चांगला आहे, मीही हा युक्तिवाद केला असता. अडचण एकच. ही गृहीतकं प्रश्न कोर्टापुढे येतो त्या दिवशीची आहेत. आज दावा लावला तर आज सात वर्षं होऊन गेलेली आहेत, आणि 'तो जिवंत आहे' म्हणणाऱ्यावर ओझं येतं. मागच्या एखाद्या तारखेला तो होता की नव्हता यावर दोन्ही कलमं गप्प आहेत. काही न्यायाधीशांना तुमचं म्हणणं पटेलही. मी खात्री देणार नाही.

सदरबाजारकर
वकीलताई, म्हणजे कोर्टात गेलं तरी चाचीनंच सिद्ध करायचं की २०१९ मध्ये चाचा जिवंत होते? आणि मास्तर, तुम्ही वुजूपाशी थांबलात. वुजू शंकेनं जात नाही, तर जीव शंकेनं कसा जातो?

मिरजेचे_मास्तर
जीव जात नाही, म्हणून तर प्लॉट वाटायचा नाही. हनफींचं म्हणणं नीट ऐक, मग तुला पटो न पटो.

चाचा २०१४ मध्ये जिवंत होते याला पुरावा आहे, तो फोन. त्या फोननं २०१९ बद्दल काही सांगितलेलं नाही. २०१९ साठी आपल्या हातात एवढंच आहे, की ते मेल्याची खबर नाही. खबर नसणं आणि जिवंत असल्याचा पुरावा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता प्लॉट पाहा. त्याची मालकी आधीच चाचांच्या नावे ठरलेली आहे. ती काढून घ्यायला येणाऱ्याला आपण एवढंच विचारतो, मेल्याचा पुरावा आण. त्याच्याकडे नाही, जा परत. इथे खबर नसणं पुरतं. चाचीच्या निकाहचंही तसंच. त्याच प्लॉटचं उत्पन्न असेल तर चाची आणि मुलांचा खर्च त्यातून चालतो, काझी त्यासाठी राखणदार नेमतो.

आजोबांच्या मिळकतीत मात्र चाचांचा हक्क आधी ठरलेला नव्हता. तो नव्यानं जन्माला घालायचाय, आणि त्यासाठी अट अशी, की आजोबांच्या मृत्यूच्या क्षणी वारस जिवंत असल्याचं ठरलेलं हवं. नुसतं 'मेल्याचं माहीत नाही' यानं ती अट भरत नाही. म्हणून हनफी म्हणतात, इस्तिसहाब असलेला हक्क राखतो, नवा हक्क मिळवून देत नाही.

आकडे घालून पाहू, म्हणजे मौलाना काय म्हणाले ते कळेल. एक कोटी वीस लाखांतले आठवा हिस्सा, पंधरा लाख, दादीचे. मुलं असल्यामुळे ते कुठल्याच बाजूनं बदलत नाहीत. उरले एकशे पाच लाख. चाचा जिवंत धरले तर दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे पाच वाटे: अब्बांना बेचाळीस, चाचांना बेचाळीस, फुफीला एकवीस. चाचा आधीच गेले असं धरलं तर तीन वाटे: अब्बांना सत्तर, फुफीला पस्तीस. हजर असलेल्यांना दोन्हींपैकी जे कमी ते आज द्यायचं. दादीला पंधरा, अब्बांना बेचाळीस, फुफीला एकवीस. बेचाळीस लाख राखून ठेवायचे. चाचा परत आले तर त्यांचे. मृत ठरवले गेले तर अब्बांना अठ्ठावीस, फुफीला चौदा.

म्हणजे राखणं ही चाचांची बाजू धरण्यासाठीच आहे. त्यांना मृत समजत असते तर बेचाळीस लाख आजच वाटले असते.

दापोलीकर
मास्तर, आदबीनं असहमत. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. तुमच्या घाटावर हनफी, आमच्या बाजूला शाफई, आणि हा मुद्दा आमच्यात लहानपणापासून ऐकलेला. वाटणी करताना आम्हीही बेपत्त्याचा हिस्सा राखूनच ठेवतो, त्यात वाद नाही. पण तत्त्व म्हणून उसूलच्या, म्हणजे फिकहच्या मूळ तत्त्वांच्या, पुस्तकांत शाफईंचं मत स्पष्ट आहे, की इस्तिसहाब दोन्हीकडे चालतो. जिवंत धरला तर वारसही धरावा.

आणि तुमच्या उदाहरणानंच बोलतो. सकाळच्या वुजूवर मी दुपारची नमाज पढतो. ती नमाज नवी आहे. वुजू आहे असं नुसतं धरून मी नवं काहीतरी वैध करतो आहे. मग नव्यासाठी इस्तिसहाब चालत नाही, हे कसं म्हणता?

मिरजेचे_मास्तर
दापोलीकर, हाच प्रश्न जुन्यांनी विचारलाय. हनफींचं उत्तर असं, की वुजूचा हुकूमच तसा आहे. एकदा झाला की तोडणारी गोष्ट घडेपर्यंत टिकायचा. टिकणं हे त्याच्या मूळ पुराव्यात आलेलं आहे. माणसाच्या जगण्याला असा कुठला हुकूम नाही. २०१४ ला जिवंत असल्यानं २०१९ ला जिवंत असणं लागू होत नाही.

दापोलीकर
उत्तर मला माहीत आहे, पटत नाही. त्याच जगण्याच्या आधारावर तुम्ही एका बाईला बांधून ठेवता. जुन्या हनफी मतात तर नवऱ्याचं वय नव्वद होईपर्यंत. बायकोचं सगळं तारुण्य अडवायला जो अंदाज पुरतो, तो मुलांना बापाचा हिस्सा द्यायला पुरत नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

वकीलताई_को
बायकोच्या बाबतीत भारतात वाट निघालेली आहे, आणि ती मालिकी या तिसऱ्या पंथाच्या मतावरून निघाली. १९३९ च्या कायद्यात चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर ती कोर्टातून निकाह संपवू शकते. हुकूमनामा सहा महिने अमलात येत नाही. तेवढ्यात नवरा येऊन संसार करायला तयार असल्याचं कोर्टाला पटवून देऊ शकला, तर तो रद्द होतो. नव्वद वर्षांचा नियमही कोर्टात चालत नाही. अलाहाबाद हायकोर्टाच्या पूर्णपीठानं १८८४ मध्ये मझहर अली विरुद्ध बुध सिंग या प्रकरणात ठरवलं, की तो पुराव्याचा नियम आहे, वारसाहक्काचा नव्हे, आणि पुराव्याला एव्हिडन्स अ‍ॅक्ट लागू.

सदरबाजारकर, तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हो, ओझं बहुधा चाचीवर येईल. गंमत अशी, की वेगळ्या वाटेनं आलं तरी कोर्ट इथे हनफींच्या जवळच पोचतं.

पन्हाळा_रोड
इतका कीस कशाला? दादी आहेत, अब्बा आहेत. घरात बसा आणि पोरांना द्या. कायदा देऊ नका म्हणत नाही.

सदरबाजारकर
दादा, अब्बा द्यायला तयार होतील असं वाटतंय. फुफीच्या घरची परिस्थिती वेगळी आहे, तिला चौदा लाख सोडा असं आम्ही कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि चाची म्हणते, 'खैरात नको. हक्क असेल तर द्या.' म्हणून मला हक्क काय आहे तेच कळायला हवं.

वकीलताई_को
मग मी दाव्यात पहिला विचारला असता तो प्रश्न विचारते. कलमाचे शब्द असे आहेत, की तो जिवंत असता तर ज्यांना साहजिकच खबर लागली असती, त्यांना सात वर्षं खबर लागलेली नाही. तुमच्या घरात खरोखर कुणालाच काही कळलेलं नाही? अफवा, निरोप, कुणी पाहिलं, काहीही. आठवून सांग.

सदरबाजारकर
एक गोष्ट आहे. घरात कुणी ती धरली नाही म्हणून मी लिहिली नव्हती. आमच्या गल्लीत पूर्वी राहणारा एक टेम्पोवाला आहे. पहिल्या लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, तो भाजीचा माल घेऊन भिवंडीला गेला होता. त्यानं चाचीला येऊन सांगितलं, की तिथे जेवणाच्या रांगेत चाचा दिसले. मास्क होता, पण यानं नावानं हाक मारली तर वळले आणि 'अम्मी कैसी है' विचारलं. मग रांग सरकली आणि गर्दीत गेले. अब्बा म्हणाले, मास्कमध्ये कोण ओळखतो. चाची तेव्हापासून तेच धरून बसली आहे आणि सगळे तिला समजावत असतात.

मिरजेचे_मास्तर
बेटा, ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होती. इस्तिसहाब हा फतव्याचा शेवटचा आसरा आहे, असं उसूलवाले म्हणतात. कुराण, हदीस, इज्मा, कियास, साक्ष, कशातच काही सापडलं नाही, तर मग तो. आपण दोन दिवस शेवटच्या पायरीवर भांडतोय आणि पहिली पायरी कुणी पाहिलीच नाही.

टेम्पोवाल्याची साक्ष खरी ठरली तर २०२० मध्ये चाचा जिवंत होते. आजोबा गेले २०१९ मध्ये. मग गृहीत काही धरायचंच नाही. चाचा वारस झालेले आहेत, हनफींकडेही आणि शाफईंकडेही. ते बेचाळीस लाख त्यांचे, आणि ते पुढे मृत ठरले तरी त्यांच्याच वारसांकडे जातील. त्यातला सहावा हिस्सा आई म्हणून दादीचा असेल, आठवा चाचीचा, उरलेले मुलांचे.

वकीलताई_को
आणि सात वर्षांचं गणितही पुन्हा मांडावं लागेल. शेवटची खबर २०१४ ची नाही, २०२० ची ठरते. मग २०२७ पर्यंत कोर्ट त्यांना मृत धरणार नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली
एका माणसाच्या साक्षीवर एवढं ठरतं?

वकीलताई_को
आपल्या कायद्यात साक्षीदार किती हवेत असा आकडा नाही. एक असला तरी चालतो, विश्वासार्ह हवा. उलटतपासणीत मास्कवरूनच सुरुवात होईल. पण नावानं वळणं आणि आईची चौकशी करणं, हे तोंड ओळखण्याहून वेगळं आहे. जमातीत मात्र अडचण येईल ना मास्तर?

मिरजेचे_मास्तर
येईल. पैशाच्या मामल्यात दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन बाया मागतात. टेम्पोत क्लीनर होता का, विचारा. चाचीनं चाचांना पाहिलं नाही, ऐकलेलं सांगते, तिची साक्ष धरता येणार नाही.

दापोलीकर
आणि साक्ष टिकली नाही तर आपण पुन्हा तिथेच. माझी हरकत कायम आहे, नोंदवून ठेवतो.

सदरबाजारकर
टेम्पोवाला आता इचलकरंजीला असतो. क्लीनर त्याचा मेहुणा होता असं चाची म्हणते. मी आज अब्बांना हा धागा वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, रविवारी जाऊ. चाचीला सोबत नेऊ की नको?

वकीलताई_को
नेऊ नका. तिच्यासमोर तो तिला बरं वाटेल तेच सांगेल, आणि नंतर कुणीही म्हणेल की तिनं पढवलं. दोघांना वेगवेगळं बसवून विचारा. तारीख, जागा, रांग कुणाची होती, अंगावर काय होतं. लॉकडाऊनमध्ये मालाच्या गाडीला पास लागायचा. जुन्या मोबाइलमध्ये पासचा फोटो असेल तर मिळवा, त्यावर तारीख असेल. मग प्रतिज्ञापत्र करू. भिवंडी पोलिसांना हरवल्याच्या तक्रारीचा क्रमांक देऊन पत्र मात्र उद्याच पाठवा. माणूस सापडला तर आपलं सगळं लिहिणं वाया गेलेलं चालेल.

सदरबाजारकर
उद्याच पाठवते. तोवर बेचाळीस लाख कुणाच्या नावावर ठेवायचे? अब्बांच्या खात्यात नको, असं अब्बाच म्हणतात.

वकीलताई_को
दादी, अब्बा, फुफी आणि चाची, चौघांच्या नावे संयुक्त खातं, आणि पैसे काढायला चौघांच्या सह्या. शिवाय साध्या कागदावर नको, नोटरी करून लिहून ठेवा की ही रक्कम कशासाठी राखली आहे.

करवीरचा_शेतकरी
आन व्याजाचं काय करणार? त्ये तुमच्यात चालत न्हाई म्हंत्यात.

मिरजेचे_मास्तर
चालत नाही. चालू खात्यात ठेवली तर व्याजाचा प्रश्न येत नाही, पण पाच वर्षांत रकमेची किंमत घटते, आणि ज्याच्यासाठी राखली त्याचंच नुकसान होतं. काहीजण ठेव ठेवून व्याज गरिबांना द्यायला सांगतात. घर विकण्याआधी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, चाचांचा वाटा घरातच राहू द्या. आता दादीशी बोलून ठरवा. बेचाळीस लाखांत एखादा छोटा गाळा चाचांच्या वाट्याचा म्हणून घेता येतो का, ते मौलानांनाही विचारा, माझं एकट्याचं ऐकू नका.